कॉफी स्कूपने मोजायची की वजन करून? घरच्या काट्याला नेमकी किती अचूकता लागते?

दोन माणसांचं एक घर डोळ्यांसमोर आणा. रोज सकाळी फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी होते. पाकिटासोबत मिळालेल्या प्लॅस्टिकच्या स्कूपने बीन्सचे तीन सपाट माप घ्यायचे, दळायचे, वर ५०० मिली गरम पाणी ओतायचं आणि चार मिनिटं थांबायचं. कित्येक महिने ही कॉफी चांगली होत होती. मग एकदा नेहमीचं मध्यम भाजलेलं पाकीट संपलं आणि दुकानात गडद भाजलेलं मिळालं, म्हणून तेच आणलं. स्कूप तोच, पाणी तेवढंच, वेळही तीच. कॉफी मात्र पाणचट झाली आणि वर कडूही लागली.

दुसऱ्या दिवशी घरातल्या एकाने कडू लागते म्हणून अडीच स्कूप घातले. कॉफी आणखी पातळ झाली, कडवटपणा होता तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याने शीग लावून तीन स्कूप घातले, तर ती फारच कडक झाली. आठवड्याच्या शेवटी दोघांचं एकमत झालं की हे पाकीटच वाईट आहे. २५० ग्रॅमचं पाकीट अर्धं उरलेलं असताना फ्रिजच्या वर जाऊन बसलं.

पाकीट वाईट असेलही. पण या घरातल्या कुणालाच ते सांगता येणार नाही, कारण रोज कॉफी नेमकी किती घातली हे त्यांना माहीत नाही. स्कूप तोच होता, पण त्यात मावणारी कॉफी बदलली होती.

एक वाटी जाड पोहे, एक वाटी पातळ पोहे

जाड पोह्यांची एक वाटी आणि पातळ पोह्यांची एक वाटी यांत खाण्याजोगा माल सारखा नसतो, हे पोहे करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पातळ पोह्यांच्या वाटीत हवाच जास्त. वाटी जागा मोजते, माल मोजत नाही. पूर्वी धान्य पायलीने आणि शेराने मोजलं जायचं, तेव्हाही माप सपाट भरायचं की शीग लावून, यावर घासाघीस व्हायची. कॉफीचा स्कूप हा त्याच जातीचा आहे.

कॉफीच्या बाबतीत हा फरक भाजण्यामुळे येतो. ज्वारीच्या लाह्या फुटतात तेव्हा दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुलतो. कॉफीचं बी इतकं फुलत नाही, पण प्रकार तसाच आहे. कच्चं हिरवं बी भाजताना त्यातलं पाणी उडून जातं, आत वायू तयार होतो, बी फुगतं आणि आतून सच्छिद्र होतं. हलकं भाजलं तर बियांचं वजन साधारण १२-१३ टक्के घटतं. गडद भाजलं तर ही घट १८-२० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहीपुढे जाते. म्हणजे जितकं जास्त भाजाल तितकं बी आकाराने मोठं आणि वजनाने हलकं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात आणि स्कूपमध्ये मावणारा माल दोन्हींमुळे कमी होतो.

आता त्या घराचा हिशेब करू. कॉफीसाठी म्हणून मिळणारा नेहमीचा स्कूप दोन टेबलस्पूनचा, म्हणजे ३० मिलीचा असतो. मध्यम भाजलेल्या बीन्सचा असा एक सपाट स्कूप ११ ग्रॅमच्या आसपास भरतो असं धरा आणि गडद भाजलेल्यांचा ९ ग्रॅमच्या आसपास. पाकिटागणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण फरकाची दिशा हीच राहील. तीन स्कूपचे पहिल्या पाकिटात ३३ ग्रॅम होत होते. दुसऱ्या पाकिटात २७ ग्रॅम झाले. सहा ग्रॅम कमी, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा कॉफी घातलीच गेली नाही. एक ग्रॅम कॉफीला पहिल्या पाकिटात १५ ग्रॅम पाणी मिळत होतं, ते आता साडेअठरा ग्रॅम मिळू लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या अडीच स्कूपचे साडेबावीस ग्रॅम झाले. तिसऱ्या दिवशीच्या शीग लावलेल्या स्कूपात प्रत्येकी दोन-तीन ग्रॅम वाढले असतील, तर एकूण ३३ ते ३६ ग्रॅम. म्हणजे तीन दिवसांत कॉफीचं वजन साडेबावीसपासून ३६ पर्यंत हेलकावे खात होतं आणि घरातल्यांच्या मते ते फक्त ‘थोडंसं कमी-जास्त’ करत होते.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवता येईल. स्पेशॅलिटी कॉफी असोसिएशन ही या व्यवसायातली जागतिक संस्था लिटरभर पाण्याला ५५ ग्रॅम कॉफी असं प्रमाण सुचवते आणि त्यात दहा टक्के इकडेतिकडे चालतं असं धरते. अर्ध्या लिटरला हे साधारण २५ ते ३० ग्रॅम होतात. फ्रेंच प्रेसमध्ये अनेक जण यापेक्षा थोडी जास्त घालतात, आणि आवडत असेल तर त्यात काही चूक नाही. पण या घराचा प्रयोग तीन दिवसांत त्या पट्ट्याच्या खालूनही गेला आणि वरूनही गेला.

पातळ आणि कडू, दोन्ही एकाच वेळी कसं?

कॉफी कडू लागली की ती जास्त झाली, हा समज सर्रास आढळतो. चहाच्या सवयीने तो बरोबरही वाटतो. पण कपातला कडकपणा आणि कॉफीच्या पुडीतून किती अर्क बाहेर आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कपातल्या पाण्यात एकूण किती कॉफी विरघळली यावर कडकपणा ठरतो. पुडीतल्या प्रत्येक कणातून किती हिस्सा निघाला, हा दुसरा प्रश्न. भाजलेल्या कॉफीचा फार तर ३० टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो आणि एकूण कॉफीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग निघाला तर चव चांगली येते असं मानतात. आंबट आणि गोडसर चवी आधी निघतात, कडवट आणि तुरट चवी मागाहून. पाणी तेवढंच ठेवून कॉफी कमी केली, तर उरलेल्या प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला जास्त पाणी येतं आणि त्यातून थोडा जास्त अर्क ओढला जातो. शिवाय गडद भाजलेलं बी ठिसूळ आणि सच्छिद्र असल्याने ते मुळातच लवकर सुटतं. त्यामुळे कपात एकूण कॉफी कमी, म्हणून पातळ. आणि जी आली त्यात मागाहून निघणारा भाग जास्त, म्हणून कडू.

अशा वेळी कॉफी आणखी कमी करणं म्हणजे उलट्या दिशेने जाणं. त्या घराने दुसऱ्या दिवशी हेच केलं. वजन माहीत असतं तर आधी ३० ग्रॅमवर परत येता आलं असतं. ३० ग्रॅमवरही कडू लागली असती, तर दळण थोडं जाड करून पाहता आलं असतं, किंवा पाणी उकळी फुटल्यावर मिनिटभर थांबून ओतता आलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची तर बाकीच्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. स्कूपमध्ये कॉफीचं प्रमाण जागेवर राहत नाही आणि ते हललं आहे हे कळतही नाही.

काटा चवीची हमी देत नाही, हेही खरं. गडद आणि मध्यम भाजलेली ३०-३० ग्रॅम कॉफी घेतली तरी चव वेगळीच लागणार. मात्र तो फरक बीन्सचा असेल, मापाचा नसेल.

पावसाळी वाऱ्यावर फुगलेलं बी

भाजणं सारखं असतानाही स्कूप चुकू शकतो आणि याचं उत्तम उदाहरण भारतातच आहे. मॉन्सून्ड मलबार ही भौगोलिक मानांकन मिळालेली कॉफी. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून युरोपला निघालेली कॉफी काही महिने समुद्रावर असायची आणि दमट हवेने फुगून, फिकट होऊन पोहोचायची. पुढे प्रवास जलद झाला आणि ती चव हरवली. ती परत मिळवण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याच्या दिवसांत बी मुद्दाम वाऱ्यावर ठेवायला सुरुवात झाली. बी पसरायचं, वरखाली करायचं, पोत्यांत सैल भरून पुन्हा वारा लागू द्यायचा. काही आठवड्यांनी हिरवं बी फुगून पिवळसर-फिकट होतं.

असं फुगलेलं बी भाजल्यावरही भरीव नसतं. चिकमंगळूरच्या एखाद्या उंचावरच्या मळ्यातली धुऊन वाळवलेली अरेबिका आणि मॉन्सून्ड मलबार, दोन्ही मध्यमच भाजलेल्या असल्या तरी एकाच स्कूपमध्ये त्यांचं वजन वेगळं भरतं. पाकिटावर दोन्हीकडे ‘मीडियम रोस्ट’ लिहिलेलं, त्यामुळे घेणाऱ्याला संशयही येत नाही. गोलसर पीबेरीचे दाणे चपट्या दाण्यांपेक्षा वेगळे रचले जातात, तिथेही थोडा फरक पडतोच.

दळलेली पूड स्कूपने मोजणं तर त्याहून बेभरवशाचं. पूड डब्यात ठेवून दोनदा आपटली की खाली बसते आणि तोच स्कूप जड होतो. ताजी दळलेली पूड फुललेली असते, चार दिवसांची दबलेली. बारीक आणि जाड दळणातही फरक. रवा आणि मैदा एकाच वाटीने मोजून वजन केलं तर जे दिसेल, तेच इथेही दिसतं. म्हणून वजन शक्यतो अख्ख्या बीन्सचंच करावं, दळण्याआधी.

वजन करण्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही, तो पाण्याचा आहे. पाणी तापलं की प्रसरण पावतं. ९३ अंशांच्या पाण्याचा अर्धा लिटर वजनात सुमारे ४८२ ग्रॅमच भरतो. मापाच्या भांड्यातल्या रेघेपर्यंत थंड पाणी घेऊन मग तापवणारा आणि तापलेलं पाणी त्याच रेघेपर्यंत ओतणारा, हे दोघं साडेतीन टक्के वेगळं पाणी वापरत असतात. त्यात उकळताना वाफेने गेलेलं पाणी वेगळंच. फ्रेंच प्रेस किंवा ड्रिपर काट्यावर ठेवून पाणी ओतलं की हा घोळ उरत नाही. ५०० ग्रॅम म्हणजे ५०० ग्रॅम, थंड असो की गरम.

मग काटा किती अचूक हवा?

बाजारात घरगुती काटे साधारण तीन प्रकारचे दिसतात. पाच किंवा दहा किलोपर्यंत तोलणारे, एक ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारे स्वयंपाकघरातले काटे. दोन-तीन किलोपर्यंत तोलणारे, ०.१ ग्रॅमच्या टप्प्याचे, बरेचदा टायमर असलेले कॉफीचे काटे. आणि सोनारकामाच्या धर्तीवरचे खिशात मावणारे, ०.०१ ग्रॅम दाखवणारे छोटे काटे.

एक ग्रॅमचा काटा १५ दाखवतो तेव्हा वजन साडेचौदा ते साडेपंधरा यांमध्ये कुठेही असू शकतं. आज साडेचौदाच्या जरा वर आणि उद्या साडेपंधराच्या जरा खाली, म्हणजे दोन दिवसांत जवळपास एका ग्रॅमचा फरक आणि काट्यावर दोन्ही दिवस १५. एका कपासाठी १५ ग्रॅम घेणाऱ्याला हा फरक साडेसहा टक्क्यांचा पडतो. ३० ग्रॅम घेणाऱ्याला तोच फरक सव्वातीन टक्क्यांचा. म्हणून दोन-तीन माणसांची फ्रेंच प्रेस करणाऱ्याला घरातला पोळ्यांच्या कणकेचा काटाही बऱ्यापैकी चालतो. स्कूपच्या वीस टक्क्यांपुढे तीन टक्के काहीच नाहीत. नवीन काटा घेण्याआधी कपाटातला जुना काढून बघायला हरकत नाही.

एका कपाची ओतून केलेली कॉफी, मोका पॉट किंवा एस्प्रेसो करायची असेल, तर ०.१ ग्रॅमचा काटा घ्यावा. एस्प्रेसोला तर तो लागतोच. तिथे १८ ग्रॅम कॉफीतून साधारण ३६ ग्रॅम द्रव अर्ध्या मिनिटात काढायचा असतो आणि पूड अर्धा-एक ग्रॅम वाढली तरी थर जाड होऊन पाणी उतरायला लागणारा वेळ बदलतो. तिथे काटा नुसता अचूक असून पुरत नाही. तो मशीनच्या जाळीवर, कपाखाली मावलाही पाहिजे आणि आकडा मागे न पडता बदलला पाहिजे. काही स्वस्त काटे वजन वाढत असताना एखाद-दीड सेकंद उशिरा आकडा दाखवतात. धार चालू असताना तेवढ्यात दोन-तीन ग्रॅम जास्त पडून जातात.

०.०१ ग्रॅमची मात्र गरज नाही. भाजलेल्या अरेबिकाच्या एका दाण्याचं वजनच साधारण ०.१ ते ०.१५ ग्रॅम असतं. त्यामुळे ०.१ ग्रॅमचा काटा म्हणजे जवळजवळ दाणा मोजणारा काटा झाला. त्यापेक्षा बारीक जायचं तर दाणा फोडावा लागेल. शिवाय बहुतेक घरगुती ग्राइंडरमध्ये थोडी पूड अडकून राहते आणि पुढच्या वेळी बाहेर येते. ती एक-दोन दशांश ग्रॅमही असू शकते आणि त्याहून बरीच जास्तही. काट्यावर १८.०४ की १८.०७ हे बघत बसण्यापेक्षा दळलेली पूड एकदा परत तोलून, ग्राइंडरने किती खाल्ली हे बघणं जास्त उपयोगाचं. त्यात हे छोटे काटे सहसा काहीशे ग्रॅमच्या वर तोलत नाहीत, म्हणजे भांडं आणि पाणी त्यांवर मावत नाही. आणि वरचा पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचत राहतो.

आकडा बारीक म्हणजे काटा खरा, असं नाही

खोक्यावर लिहिलेलं ‘०.१ ग्रॅम’ हे फक्त आकडा किती बारीक टप्प्याने बदलतो एवढंच सांगतं. दाखवलेला आकडा खरा आहे का, हा वेगळा मुद्दा. आणि तेच वजन पाच वेळा ठेवलं तर पाचही वेळा तोच आकडा येतो का, हा तिसरा. घरच्या कॉफीसाठी या तिन्हींत तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि खोक्यावर नेमका तोच लिहिलेला नसतो.

आकडा थोडा खोटा असला तरी फारसं बिघडत नाही, याचं कारण सोपं आहे. समजा काटा सगळंच दोन टक्के कमी दाखवतो. तुम्ही ३० ग्रॅम कॉफी घेतली, ती खरी ३०.६ ग्रॅम आहे. त्याच काट्यावर ५०० ग्रॅम पाणी घेतलं, ते खरं ५१० ग्रॅम आहे. कॉफी आणि पाण्याचं प्रमाण तेच राहिलं. कपात दहा ग्रॅम पाणी जास्त आलं एवढंच. कॉफी एका काट्यावर आणि पाणी दुसऱ्यावर तोललं, किंवा पाणी मापाच्या भांड्याने घेतलं, तर मात्र ही सूट मिळत नाही.

जी चूक अशी परस्पर मिटत नाही, ती शून्याजवळची. डिजिटल काट्याच्या पोटात धातूची एक छोटी पट्टी असते. भार पडला की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून वजन काढलं जातं. तापमान बदललं की हाच रोध थोडा भार नसतानाही सरकतो. रिकामा काटा उगाच ०.३ दाखवू नये म्हणून बऱ्याच काट्यांत एक युक्ती घातलेली असते. शून्याजवळ आकडा अगदी हळूहळू सरकला, तर काटा तो बदल गिळून टाकतो आणि शून्यच दाखवत राहतो.

कॉफी तोलताना हीच युक्ती आड येते. वाटी ठेवून शून्य केलं आणि एकेक दाणा टाकायला सुरुवात केली, तर पहिले काही दाणे काट्याच्या लेखी पडलेलेच नसतात. पाहायचं असेल तर रिकाम्या वाटीत, शून्यावर असताना, सावकाश पाच-सहा दाणे टाका. आकडा हलला नाही, तर काट्याने ते दाणे गिळले. उपाय साधा आहे. पहिली मूठ एकदम टाकायची आणि शेवटचे दाणेच एकेक करून टाकायचे. भार एकदा शून्यापासून दूर गेला की ही युक्ती मध्ये येत नाही.

घरच्या घरी काटा तपासायचा तर नाणी हाताशी असतात. दहा रुपयांचं दोन धातूंचं चालू नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. स्वच्छ, फार न झिजलेली दोन नाणी ठेवली तर १५.४ च्या आसपास आकडा यायला हवा, म्हणजे एका कपाच्या कॉफीइतकाच भार. दहा नाण्यांना ७७ च्या आसपास. ही नाणी पाच वेळा उचलून ठेवा. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर आकडा एखाद्या दशांशाने इकडेतिकडे झाला तर ठीक. कधी १५.१ आणि कधी १५.८ येत असेल तर तो काटा दशांश नुसता दाखवतो आहे, मोजत नाही. मग नाणी ताटलीच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. कोपऱ्यात आकडा बदलत असेल तर भांडं नेहमी मधोमध ठेवायचं.

शेवटची चाचणी रोजच्या वापरासारखी करा. काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली बरणी ठेवा, शून्य करा आणि मग ती दोन नाणी बरणीच्या झाकणावर ठेवा. रिकाम्या काट्यावर जो आकडा आला होता, तोच आता येतो का? कॉफी भांड्यासकट तोलणाऱ्यासाठी ही चाचणी सर्वांत खरी, आणि स्वस्त काटे चुकतात ते बहुधा इथेच.

काट्याची जागाही महत्त्वाची. गॅसच्या शेगडीशेजारी, गरम ओट्यावर ठेवलेला काटा सरकत राहतो. ड्रिपरमधून गरम कप थेट काट्यावर चार मिनिटं बसला तरी तेच होतं, म्हणून मध्ये लाकडी किंवा रबरी चकती ठेवणं बरं. बॅटरी उतरली की आकडे आधी डळमळतात, मग काटा बंद पडतो. आणि आकडा अचानक विचित्र आला, ३० ऐवजी एकच्या आसपास दिसायला लागलं, तर काटा बिघडलेला नसतो. एकक बदलायचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं आणि पडद्यावर g च्या जागी oz आलेलं असतं.

घरात एक ग्रॅमचाच काटा असेल तर एक क्लृप्ती आहे. बीन्स टाकत जायचं आणि आकडा १४ वरून १५ वर उलटतो त्या क्षणी थांबायचं. तिथे वजन दर वेळी साधारण साडेचौदाच असतं. १५ नसेल, पण रोज तेवढंच असेल.

स्कूप कुठे चालतो?

फिल्टर कॉफी करणाऱ्या घरांत पितळी फिल्टरमध्ये चमच्यांनी पूड घालून पिढ्यान् पिढ्या उत्तम डिकॉक्शन निघतं. माटुंग्यातल्या घरांत काट्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. त्यामागे कारण आहे. पूड एकाच दुकानातून, एकाच भाजणीची, एकाच दळणाची, चिकोरीचं प्रमाणही ठरलेलं. आणि चमचा एकाच हाताचा. बदलण्यासारखं काही नसेल तर जागा मोजणं आणि माल मोजणं यांत फरक उरत नाही. दुकान बदललं, किंवा २० टक्के चिकोरीऐवजी ४० टक्क्यांची पूड आली की तिथेही गडबड सुरू होते, कारण चिकोरीची पूड कॉफीपेक्षा वेगळी बसते आणि पाण्यात जास्त सुटते.

वेगवेगळी पाकिटं आणून बघणाऱ्या, पण रोज सकाळी काटा काढायचा कंटाळा असलेल्या घरासाठी मधला मार्ग आहे. नवीन पाकीट उघडलं की एकदाच काट्यावर वाटी ठेवून शून्य करा. नेहमीच्या स्कूपने दहा सपाट माप त्यात टाका, बीन्सवर सुरीची मागची बाजू फिरवून शीग काढत. आलेल्या आकड्याला दहाने भागा. एक ग्रॅमचा काटाही इथे पुरतो, कारण अर्ध्या ग्रॅमची चूक दहा मापांत वाटली जाते. फ्रिजवर ठेवलेल्या त्या गडद पाकिटाचे दहा स्कूप ९१ ग्रॅम भरले, तर एक स्कूप ९.१ ग्रॅमचा. ३० ग्रॅमसाठी तीन सपाट स्कूप आणि वर विसेक दाणे. हे पेनाने पाकिटावर लिहून ठेवायचं, बीन्स पुन्हा पाकिटात ओतायचे, आणि पाकीट संपेपर्यंत काटा कपाटात.